बेरीज थांबते की वाढतच राहते? इंटिग्रल टेस्ट आणि १ ची सीमारेषा

दोन अनंत बेरजा शेजारी शेजारी ठेवू. पहिलीतलं n वं पद आहे 1/n^1.01, म्हणजे 1/n पेक्षा नावापुरतं लहान. दुसरीतलं पद आहे 1/(n ln n). ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. n = 1 ला तो शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून ही बेरीज n = 2 पासून सुरू करायची. कॉम्प्युटरला n = दहा लाखांपर्यंत दोन्ही बेरजा करायला लावल्या तर पहिलीचं उत्तर सुमारे १३.४८ येतं आणि दुसरीचं सुमारे ३.४२.

या आकड्यांवरून कोणालाही वाटेल की दुसरी बेरीज लवकरच कुठेतरी स्थिरावणार आणि पहिली वाढत जाणार. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. पहिली बेरीज १००.५८ च्या जवळ जाऊन स्थिरावते. दुसरीला कोणतीच कमाल मर्यादा नाही. कोणतीही संख्या सांगा, ती कधीतरी ओलांडली जाते. फक्त त्यासाठी धीर फार लागतो: १० चा आकडा पार करायलाच इतकी पदं लागतात की ती संख्या नुसती लिहायला चार हजारांहून जास्त अंक हवेत.

म्हणजे पदं मिळवत बसून हा निकाल कधीच लागणार नाही. मग तो लागतो कसा, आणि स्थिरावणाऱ्या व न स्थिरावणाऱ्या श्रेणींमधली रेषा नेमकी कुठून जाते? इंटिग्रल टेस्ट या दोन्ही प्रकारच्या श्रेणींसाठी या प्रश्नाचं उत्तर देते, आणि तेही एकाच इंटिग्रलच्या जोरावर.

पायऱ्या आणि त्यांच्या मधून जाणारा वक्र

ज्या श्रेणीची बेरीज एका ठरावीक संख्येवर स्थिरावते ती अभिसारी, आणि जिची स्थिरावत नाही ती अपसारी. आपल्या श्रेणीतली सगळी पदं धन आहेत, त्यामुळे पदं मिळवत जाऊ तशी बेरीज फक्त वाढू शकते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की तिच्यावर कुठे छत आहे की नाही.

आता पदं ज्या सूत्रातून येतात ते सूत्र फक्त पूर्णांकांसाठी न ठेवता सगळ्या धन x साठी वापरू. 1/n च्या जागी f(x) = 1/x हा वक्र काढू. हा वक्र सतत खाली उतरतो. x = k पासून x = k+1 पर्यंतच्या एका पट्टीकडे बघा. या पट्टीत वक्राची सर्वांत जास्त उंची डावीकडे, f(k), आणि सर्वांत कमी उंची उजवीकडे, f(k+1). पट्टीची रुंदी १ आहे. म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ एका उंच आयतात मावतं आणि एका बुटक्या आयताला पोटात घेतं:

f(k+1) ≤ ∫ f(x) dx (k पासून k+1 पर्यंत) ≤ f(k)

अशा सगळ्या पट्ट्या एकत्र मिळवल्या की पहिल्या N पदांची बेरीज S_N दोन इंटिग्रलांच्या मध्ये अडकते:

∫ f dx (1 पासून N+1 पर्यंत) ≤ S_N ≤ f(1) + ∫ f dx (1 पासून N पर्यंत)

सगळी टेस्ट या एका ओळीत आहे. डावी बाजू अनंताकडे गेली तर बेरजेला तिच्या मागे जावंच लागतं. उजवी बाजू मर्यादेत राहिली तर बेरजेवर छत बसतं. बेरीज आणि इंटिग्रल दोघांचं भवितव्य एकच, आणि त्यांच्यातलं अंतर कधीही पहिल्या पदापेक्षा जास्त होत नाही. मॅक्लॉरिनने १८ व्या शतकात आणि कोशीने १९ व्या शतकात ही पद्धत मांडली, म्हणून तिला दोघांचं नाव जोडलं जातं.

अटी तीन आहेत: f धन हवं, सतत हवं, आणि उतरतं हवं. ते पहिल्या पदापासूनच उतरतं असायला हवं असं नाही. कुठल्याशा x नंतर उतरतं असलं तरी चालतं, कारण सुरुवातीची मोजकी पदं बेरजेचं मूल्य बदलतात, तिचं भवितव्य बदलत नाहीत.

१ हीच सीमा का

आता p-श्रेणी घेऊ, म्हणजे Σ 1/n^p, जिथे p ही एक ठरलेली धन संख्या आहे. इंटिग्रल शाळेतल्या सूत्राने सुटतं. p ची किंमत १ नसेल तर

∫ x^(−p) dx (1 पासून N पर्यंत) = (N^(1−p) − 1) / (1 − p)

सगळं लक्ष N च्या घातांकावर ठेवा: 1 − p. p जर १ पेक्षा मोठा असेल तर हा घातांक ऋण होतो, N वाढेल तसं N^(1−p) शून्याकडे जातं आणि इंटिग्रल 1/(p − 1) या संख्येवर थांबतं. p जर १ पेक्षा लहान असेल तर घातांक धन राहतो आणि इंटिग्रल N बरोबर वाढत जातं. सीमारेषा तिथेच येते जिथे 1 − p चं चिन्ह बदलतं, आणि ती जागा म्हणजे p = 1. हा आकडा कोणी सोयीसाठी निवडलेला नाही. इंटिग्रेशन करताना घातांक एकाने वाढतो, त्या एकातून तो आलेला आहे.

बरोबर सीमेवर, p = 1 ला, सूत्रात छेद शून्य होतो आणि ते निकामी होतं. तिथे इंटिग्रल ln N येतं. तेही अनंताकडे जातं, पण फार संथपणे. दहा लाख पदांनंतर हार्मोनिक श्रेणीची, म्हणजे Σ 1/n ची, बेरीज १४.३९ असते, म्हणजे ln N (१३.८२) पेक्षा जेमतेम ०.५८ ने जास्त. म्हणून सीमारेषा स्वतः अपसारी बाजूला पडते: p > 1 असेल तर अभिसारी, p ≤ 1 असेल तर अपसारी.

आता सुरुवातीच्या 1/n^1.01 कडे परत जाऊ. p = 1.01 असल्यामुळे 1/(p − 1) = १००. वरच्या असमानतेनुसार पूर्ण बेरीज १०० आणि १०१ च्या मध्ये असायला हवी, आणि खरी किंमत सुमारे १००.५८ आहे. पण ती गाठायला किती वेळ लागतो? N पदांनंतर जे उरतं, ते मोजायलाही हेच इंटिग्रल उपयोगी पडतं. N पासून अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ 100 / N^0.01 आहे, आणि उरलेली बेरीज जवळजवळ तेवढीच असते. N = दहा लाख घेतलं तर N^0.01 म्हणजे फक्त १.१४८. म्हणजे दहा लाख पदांनंतरही साधारण ८७ एवढी बेरीज शिल्लक आहे. ती शिल्लक ५० वर आणायची तर N^0.01 दोन व्हायला हवं, म्हणजे N = 2^100, ही ३१ अंकी संख्या आहे. शिल्लक १ वर आणायची तर १ वर दोनशे शून्यं इतकी पदं लागतील. श्रेणी अभिसारी आहे, यात शंका नाही. पण हे अभिसरण कोणत्याही यंत्राला दिसणार नाही. दहा लाख पदांवर हार्मोनिक १४.३९ वर आणि ही १३.४८ वर आहे. या दोन आकड्यांत एक अनंताकडे निघाला आहे आणि दुसरा नाही, हे आकडे स्वतः सांगत नाहीत.

घातांक ठरलेला हवा

इथे एक सापळा आहे, आणि तो समजून घेतला की पुढचा भाग आपोआप उलगडतो. Σ 1/n^(1 + 1/n) ही श्रेणी बघा. प्रत्येक पदात घातांक १ पेक्षा मोठा आहे. मग ही अभिसारी असणार, असं घाईत लिहिणारे खूप असतात. पण n^(1 + 1/n) म्हणजे n गुणिले n^(1/n), आणि n^(1/n) कितीही n घेतला तरी १.४५ च्या वर जात नाही. तेव्हा प्रत्येक पद 1/(2n) पेक्षा मोठं आहे आणि श्रेणी अपसारी आहे.

काय बिघडलं? घातांक १ च्या वर आहे खरा, पण n वाढेल तसा तो १ ला जाऊन भिडतो. p-श्रेणीचा नियम p एकदाच ठरवून मग n वाढवण्याबद्दल आहे. p = 1 आणि p = 1.0000001 यांच्यामध्ये अशा अगणित श्रेणी आहेत, ज्यांचा घातांक १ कडे सरकत जातो. त्यांचा निकाल एकट्या p ने लागत नाही. घातांक १ कडे किती वेगाने सरकतो, यावर तो ठरतो.

हा वेग मोजायचा तर लॉगॅरिदम लागतो. (ln n)^q ला n च्या घातात लिहिलं तर n^(q ln ln n / ln n) मिळतं. म्हणजे 1/(n (ln n)^q) या पदातला खरा घातांक 1 + q ln ln n / ln n आहे. n वाढेल तसा हा जास्तीचा भाग शून्याकडे जातो, q कितीही मोठा असला तरी. लॉगॅरिदमच्या श्रेणी p = 1 आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक p च्या मधल्या फटीत राहतात. त्यामुळे p-श्रेणीची कसोटी त्यांच्यावर काहीच बोलू शकत नाही.

तेच इंटिग्रल पुन्हा

आता Σ 1/(n (ln n)^q) घेऊ, n = 2 पासून. q धन असेल तर 1/(x (ln x)^q) हे फल x > 1 ला धन, सतत आणि उतरतं आहे, कारण छेदातले दोन्ही अवयव वाढतात. अटी पूर्ण झाल्या. आता u = ln x ठेवा. मग du = dx/x. पदातला 1/x हा भाग du मध्ये पूर्णपणे सामावला जातो आणि उरतं एवढंच:

∫ dx / (x (ln x)^q) = ∫ du / u^q

उजवीकडचं इंटिग्रल म्हणजे p-श्रेणीचंच इंटिग्रल, p च्या जागी q. x अनंताकडे जातो तेव्हा u = ln x सुद्धा अनंताकडे जातो, म्हणून निकालही तोच: q > 1 असेल तर अभिसारी, q ≤ 1 असेल तर अपसारी. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. नवी सीमारेषा शोधायला नवं काही लागलंच नाही. जुनीच सीमारेषा लॉगॅरिदमच्या पट्टीवर जशीच्या तशी उमटली.

u = ln x ने नेमकं काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. x चा अक्ष 1, e, e², e³ असा तुकड्यांत कापा. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या e पट, म्हणजे सुमारे २.७ पट लांब आहे. 1/x या वक्राखाली प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ बरोबर १ येतं, मग तो तुकडा कितीही दूर असो. तुकडे अनंत, म्हणून बेरीज अनंत. आता छेदात ln x घाला. e^k ते e^(k+1) या तुकड्यात ln x ची किंमत k आणि k+1 च्या मध्ये असते, म्हणून त्या तुकड्याचं क्षेत्रफळ १ वरून जवळजवळ 1/k वर येतं. म्हणजे तुकड्यांची बेरीज करताना पुन्हा हार्मोनिक श्रेणीच हाती येते, आणि ती अपसारी आहे. छेदात (ln x)² घातलं तर k व्या तुकड्याचं क्षेत्रफळ अचूक 1/k − 1/(k+1) येतं. हे मिळवत गेलं की मधली पदं एकमेकांना खोडतात आणि बेरीज मर्यादेत राहते.

आकड्यांतही हे करून बघू. q = 2 घेऊ. २ पासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल 1/ln 2 = १.४४२७. पहिलं पद 1/(2 (ln 2)²) = १.०४०७. तेव्हा पूर्ण बेरीज १.४४२७ आणि २.४८३४ यांच्यामध्ये असलीच पाहिजे. खरी किंमत सुमारे २.१०९७ आहे. N पर्यंत गेल्यावर जी शिल्लक राहते ती सुमारे 1/ln N. दहा लाखांवर ती ०.०७२ आहे. ती ०.०१ वर आणायची तर ln N = 100 हवं, म्हणजे N ही ४४ अंकी संख्या होते. इथेही अभिसरण आहे, पण नुसती पदं मिळवून दोन दशांश स्थळंसुद्धा भरवशाची मिळत नाहीत. यावर तोडगाही इंटिग्रलमध्येच आहे: पदं दहा लाखांपर्यंत मिळवायची (२.०३७४ येतात) आणि उरलेल्यासाठी 1/ln N जोडायचं. उत्तर लगेच २.१०९७ वर येऊन बसतं. कारण उरलेली बेरीज दोन इंटिग्रलांच्या मध्ये आहे आणि त्या दोन इंटिग्रलांत एका चिमुकल्या पदाहून जास्त फरक नाही.

q = 1 ला इंटिग्रल ln ln N येतं. N पर्यंतची आंशिक बेरीज मोठ्या N साठी ln ln N + ०.७९४७ च्या अगदी जवळ असते. दहा लाखांवर ln ln N = २.६२५८, म्हणून बेरीज ३.४२. सुरुवातीला आलेला आकडा हाच. १ वर शंभर शून्यं इतक्या दूर गेलो तरी ती जेमतेम ६.२३ होते. १० पार करायला ln N सुमारे ९९५० व्हायला हवं, म्हणजे N ही ४३२२ अंकी संख्या.

मग सुरुवातीला 1/(n ln n) लहान का दिसत होती? कारण n^0.01 हा अवयव शेवटी ln n ला मागे टाकतो, पण फार उशिरा. दोघं बरोबरीला येतात ते n साधारण १ वर २८१ शून्यं इतका झाल्यावर. n = 3 पासून तोवर ln n मोठा आहे आणि 1/(n ln n) हे पद लहान आहे. त्यानंतर पारडं कायमचं उलटतं. अभिसरणाचा निकाल त्या टोकाच्या पलीकडे लागतो, आणि तिथपर्यंत कोणताही प्रोग्राम पोहोचत नाही.

p आणि q एकत्र आले तर

Σ 1/(n^p (ln n)^q) असा मिश्र प्रकार आला तर आधी p कडे बघायचं. p > 1 असेल तर q काहीही असो, श्रेणी अभिसारी. अगदी q ऋण असला तरी, म्हणजे (ln n)^5 अंशात असला तरी. उदाहरणार्थ (ln n)^5 / n^1.01 मध्ये घातांकातला ०.०१ दोन भागांत वाटा. n^0.005 हा (ln n)^5 ला कधीतरी गिळतो आणि उरलेला n^1.005 श्रेणीला अभिसारी ठेवतो. p < 1 असेल तर त्याच कारणाने q श्रेणीला वाचवू शकत नाही. q चं मत फक्त p = 1 असतानाच विचारलं जातं.

q ऋण असताना उतरतेपणाची अट मात्र तपासून घ्यावी. ln x / x हे फल आधी चढतं आणि x = e नंतर उतरतं, कारण त्याचं अवकलज (1 − ln x)/x² आहे. म्हणून टेस्ट n = 3 पासून लावायची. निकाल बदलत नाही, पण ही ओळ लिहिली नाही तर मांडणी अपुरी राहते. उतरतेपणाची अट खरोखर हवीच का, असं वाटत असेल तर f(x) = sin²(πx) घेऊन बघा. प्रत्येक पूर्णांकावर ते शून्य आहे, म्हणून श्रेणीची बेरीज शून्य. इंटिग्रल मात्र अनंत, कारण पूर्णांकांच्या मधे वक्र दर वेळी डोकं वर काढतो. पट्टीच्या दोन टोकांवरून आतलं काही कळतं, ते केवळ वक्र एकाच दिशेने जात असतो म्हणून.

आणखी एक घोटाळा वरचेवर दिसतो: इंटिग्रलची किंमत हीच श्रेणीची बेरीज समजणं. Σ 1/n² साठी इंटिग्रल १ येतं, आणि बेरीज π²/6, म्हणजे १.६४४९ आहे. टेस्ट बेरजेला दोन कुंपणांमध्ये ठेवते, ती बेरीज स्वतः देत नाही.

शेवटची सीमा आहे का

q = 1 वर श्रेणी अपसारी आहे, पण जेमतेम. मग त्या फटीत आणखी बारीक फट असेल का? छेदात ln ln n घालून बघू: Σ 1/(n ln n (ln ln n)^r). ln ln 2 ऋण असल्यामुळे सुरुवात n = 3 पासून. आता v = ln ln x ठेवा. dv = dx/(x ln x), आणि इंटिग्रल पुन्हा ∫ dv/v^r होतं. सीमा पुन्हा r = 1. पुढे ln ln ln n घातला तरी तेच. प्रत्येक पातळीवर सीमारेषा १ वर, आणि प्रत्येक वेळी सीमारेषा स्वतः अपसारी बाजूला. फ्रान्समध्ये या कुळातल्या श्रेणींना बर्ट्रांडच्या श्रेणी म्हणतात.

सगळ्या श्रेणींचा निकाल लावेल अशी एकच कसोटी १८२७ मध्ये ऑलिव्हिए या गणितज्ञाने क्रेल यांच्या गणिताच्या नियतकालिकात मांडली होती. त्याचं म्हणणं होतं की n·a_n शून्याकडे जात असेल तर Σ a_n अभिसारी, नाहीतर अपसारी. दिसायला हे पटण्यासारखं आहे, कारण 1/n च्या तुलनेत पद नगण्य होत जातं. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आबेलने याला उत्तर दिलं, आणि त्याचं प्रतिउदाहरण आपल्या ओळखीचं आहे: a_n = 1/(n ln n). इथे n·a_n = 1/ln n शून्याकडे जातं आणि तरी श्रेणी अपसारी आहे.

आबेल तेवढ्यावर थांबला नाही. n च्या जागी दुसरं कोणतंही फल घेतलं तरी अशी कसोटी बनणं शक्य नाही, हेही त्याने दाखवून दिलं. त्यामागची युक्ती इंटिग्रलशिवायही समजते. कोणतीही धन पदांची अपसारी श्रेणी Σ a_n घ्या, आणि तिच्या पहिल्या n पदांची बेरीज S_n म्हणा. S_n अनंताकडे जाते. आता प्रत्येक पदाला त्याच्या S_n ने भागा. a_n/S_n ही नवी पदं जुन्या पदांच्या तुलनेत नगण्य होत जातात. तरीही m च्या पुढच्या पदांपासून n पर्यंतची त्यांची बेरीज किमान (S_n − S_m)/S_n इतकी असते, कारण त्या टप्प्यात प्रत्येक छेद S_n पेक्षा मोठा नसतो. m ठरलेला ठेवून n वाढवला की ही संख्या १ च्या जवळ जाते. म्हणजे कितीही दूर गेलो तरी तिथून पुढे १/२ हून जास्त बेरीज पुन्हा जमा होतेच, आणि नवी श्रेणीही अपसारी राहते.

a_n = 1/n घेऊन ही युक्ती लावा. S_n जवळजवळ ln n आहे, म्हणून नवी श्रेणी 1/(n ln n) सारखी वागते. तिच्यावर पुन्हा लावा. आता S_n जवळजवळ ln ln n, आणि हाती येते 1/(n ln n ln ln n). आपण u = ln x वारंवार ठेवून ज्या पायऱ्या उतरलो, त्याच या पायऱ्या आहेत. आणि भागताना S_n ऐवजी S_n चा १ पेक्षा मोठा कोणताही ठरावीक घात घेतला, उदाहरणार्थ (S_n)^1.01, तर प्रत्येक पायरीवर श्रेणी अभिसारी होते. म्हणून कोणतीही अपसारी श्रेणी दाखवून "याहून संथ वाढणारी नाही" असं म्हणता येत नाही: तिलाच तिच्या आंशिक बेरजांनी भागलं की तिच्यापेक्षा संथ आणि तरीही अपसारी अशी श्रेणी मिळते.